सोलापूर ते परळ: विजेच्या गाडीचा लांबचा प्रवास आखताना

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं होतं, की आईला तपासणीसाठी परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचंय, घरात विजेची गाडी आहे, तर सोलापूरहून ती काढावी की भाड्याची डिझेल गाडी करावी? वेळ अपुरा होता म्हणून तेव्हा उत्तर थोडक्यात आटोपलं. पण हा प्रश्न नीट सोडवला तर मार्ग आखणारं ॲप नेमकं काय करतं आणि काय करत नाही, हे सगळं त्यात येतं. म्हणून आज हा एकच प्रवास घेऊन बसू या.

आधी मोजमाप. बॅटरीची क्षमता किलोवॅट-अवरमध्ये सांगतात, म्हणजे आपल्या लाइट बिलावरचं युनिटच. आपण 45 युनिटची बॅटरी असलेली मध्यम आकाराची गाडी धरू. ताशी 90 किलोमीटरच्या आसपास, एसी लावून, अशी गाडी एका किलोमीटरला साधारण 0.15 युनिट खाते. म्हणजे भरलेल्या बॅटरीत 300 किलोमीटर, आणि एका टक्क्यात तीन किलोमीटर. हा ‘एक टक्का, तीन किलोमीटर’ हिशेब लक्षात ठेवा, पुढे तोच वापरायचाय. सोलापूर ते परळ सुमारे 400 किलोमीटर. म्हणजे 133 टक्के लागणार. पोचल्यावर 20 टक्के हाताशी हवेत असं म्हटलं तर 153. घरून 100 भरून निघालो, तर वाटेत 53 टक्के कुठेतरी भरायचे आहेत. सगळा प्रश्न एवढाच: हे 53 टक्के कुठे भरायचे?

आता हाच प्रवास ॲपला सांगितला तर काय होतं बघा. ए बेटर रूटप्लॅनर हे यातलं बरंच वापरलं जाणारं ॲप, मूळ स्वीडनमधलं. त्याच्यासारखी ॲपं नुसतं अंतर बघत नाहीत. रस्त्याचा चढउतार, वेग, हवामान, गाडीचं वजन यावरून खप काढतात, आणि दर टक्क्याला ही गाडी किती वेगाने चार्ज होते याचा आलेखही त्यांच्याकडे असतो. मग एकूण वेळ सगळ्यात कमी लागेल असे थांबे ते निवडतात. नेहमीच्या सेटिंगवर ते चार्जरला पोचताना किमान 10 टक्के शिल्लक धरतं. म्हणून आपल्या प्रवासात ते साधारण असं सांगेल: सोलापूरहून निघा, पुणे ओलांडा, 270 किलोमीटरवर तळेगावच्या आसपास 10 टक्क्यांवर पोचा, तिथे 63 टक्क्यांपर्यंत भरा, आणि सरळ परळ. एकच थांबा. कागदावर फार सुंदर दिसतं.

ते असं का सुचवतं, हे समजायला चार्जिंगचा आलेख समजला पाहिजे. बॅटरी रिकामी असताना भराभर घेते आणि भरत आली की हात आखडता घेते. एस्टीत पहिले वीस जण पटकन चढतात, शेवटच्या पाच जणांना जागा शोधत फिरावं लागतं, तसंच काहीसं. आपल्या गाडीसाठी समजुतीपुरता असा आलेख धरू: 55 टक्क्यांपर्यंत 55 किलोवॅट, तिथून 70 पर्यंत 45, मग 80 पर्यंत 35. ऐंशीच्या पुढे 20, आणि शेवटच्या दहा टक्क्यांत जेमतेम 8. या आकड्यांनी 10 ते 80 टक्के जायला 39 मिनिटं लागतात, आणि या वर्गातल्या गाड्यांना सांगितला जाणारा वेळ तेवढाच आहे. पण 80 ते 100 या उरलेल्या वीस टक्क्यांना 47 मिनिटं! म्हणून ॲप तुम्हाला सहसा ‘शंभर करून निघा’ म्हणत नाही. घरी रात्रभर लावून शंभर करणं वेगळं, तेव्हा आपण झोपलेलो असतो.

तर तळेगावला 10 ते 63. लागतात 27 मिनिटं. उत्तम. पण तिथे पोचलात आणि मशीन बंद असलं तर? हातात 10 टक्के, म्हणजे 30 किलोमीटर, तेही कागदावरचे. गाडीत आजारी माणूस. आणि मशीन बंद असणं ही आपल्याकडे अपवादाची गोष्ट नाही. कधी लाइट गेलेली असते, कधी गनच तुटलेली, कधी पैसे स्वीकारणारं ॲप लटकलेलं, कधी चार्जरच्या जागेवर पेट्रोलची गाडी लावून मालक जेवायला गेलेला. ॲपवर ते ‘उपलब्ध’ दिसत असतं, कारण मशीनने शेवटचा निरोप पाठवला तेव्हा ते उपलब्धच होतं.

म्हणून दुसरा पर्याय तपासू. पुण्यात शिरतानाच, हडपसरच्या अलीकडे, 235 किलोमीटरवर थांबलो तर? तिथे आपण 22 टक्क्यांवर पोचतो. पुढचे 165 किलोमीटर आणि वरचे 20 टक्के धरून 75 पर्यंत भरावं लागेल. 22 ते 75. म्हणजे परत 53 टक्केच! ते तर बदलणारच नव्हते. एकूण लागणारी वीज तीच, फक्त ती आलेखाच्या कुठल्या तुकड्यात भरतो एवढाच फरक. वेळ किती? 29 मिनिटं. दोन मिनिटं जास्त. त्या दोन मिनिटांत आपण पोचतानाची शिल्लक 30 किलोमीटरवरून 66 किलोमीटर केली, आणि समोर अख्खं पुणे शहर, चार्जरला तोटा नाही. आता सांगा, कुठला प्लॅन घ्याल?

ॲपला यातलं काही कळत नाही असं नाही. त्याला सांगितलं नव्हतं म्हणून त्याने दोन मिनिटं वाचवली. चार्जरला पोचताना किमान किती शिल्लक हवी, हा आकडा तुमचा आहे, तो बदलता येतो.

याच्याही पुढे एक पायरी जाऊ. केमो चालू असलेल्या माणसाला चार तास एका जागी बसवणं बरोबर नाही, दोन तासांनी उठायला हवंच. म्हणजे भिगवणला, 150 किलोमीटरवर, आपण थांबणारच आहोत. तिथे गाडी 50 टक्क्यांवर असेल. चहा, स्वच्छतागृह, जरा पाय मोकळे करणं यात पंधरा मिनिटं जातात. तेवढ्यात 50 चे 75 होतात. मग हडपसरला आपण 22 ऐवजी 47 टक्क्यांवर पोचतो आणि 75 करायला 17 मिनिटं पुरतात. दोन्ही थांब्यांचं चार्जिंग मिळून 32 मिनिटं, एका थांब्यापेक्षा तीन जास्त. शिवाय गाडी वळवणं, गन लावणं, मोबाइलवर पैसे देणं यासाठी प्रत्येक थांब्याला पाचेक मिनिटं जातात. सगळं धरून आठ मिनिटांचा फरक. त्या आठ मिनिटांत आपण असा प्रवास विकत घेतला, ज्यात कुठलंही एक मशीन बंद निघालं तरी पुढच्यापर्यंत आरामात जाता येतं. आमच्या मते आजारी माणूस गाडीत असताना हाच प्लॅन. ॲपमध्ये ‘कमी पण लांब थांबे’ की ‘जास्त पण छोटे थांबे’ अशी निवड असते, तिथे दुसरं निवडलं की ते स्वतःच याच्या जवळपास येतं.

मात्र भिगवणला उत्साहाच्या भरात ‘आता आलोच आहोत तर शंभर करून टाकू’ म्हणालात, तर 66 मिनिटं बसून राहाल. त्यातली शेवटची 34 मिनिटं निव्वळ शेवटच्या दहा टक्क्यांसाठी, आणि तेवढं करूनही परळला 17 टक्क्यांवरच पोचाल.

राखीव चार्ज किती ठेवायचा, याला सगळीकडे चालेल असा एक आकडा नाही. आमची रीत अशी: ज्या चार्जरवर जायचंय तिथून पुढचा, वेगळ्या कंपनीचा, चालू चार्जर किती लांब आहे ते बघायचं. त्या किलोमीटरला तिनाने भागायचं आणि वर पाच टक्के टाकायचे. हडपसरला दुसरा चार्जर बारा किलोमीटरवर असेल तर चार अधिक पाच, नऊ. तिथे ॲपचे 10 टक्के पुरतात. पण दुसरा चार्जर 45 किलोमीटरवर आहे अशा रस्त्याला गेलात तर पंधरा अधिक पाच, वीस टक्के हवेत. वेगळ्या कंपनीचा का? कारण पैसे घेणारं ॲप किंवा सर्व्हर बिघडला तर त्याच कंपनीची सगळी मशीनं एकदम आडवी होतात. आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्लगशेअरसारख्या ठिकाणी त्या मशीनवर शेवटचं कोणी, कधी चार्ज केलं हे बघा. काल कोणी यशस्वी चार्ज करून नोंद केली असेल, तर ती हिरव्या ठिपक्यापेक्षा जास्त भरवशाची.

आता चार्जरच्या वेगाकडे येऊ. वरची सगळी मिनिटं 60 किलोवॅटचं मशीन धरून काढली. तेच 53 टक्के, म्हणजे जवळपास 24 युनिट, 30 किलोवॅटच्या मशीनवर भरायला 48 मिनिटं लागतील. मग 120 चं मिळालं तर पंधरा मिनिटांत? नाही. गाडीच 55 च्या वर घेत नाही, त्यामुळे तिथेही 29 च. टाकीची तोटी अर्धा इंची असेल तर पाइप कितीही मोठा लावा. तेव्हा मोठ्या आकड्याच्या मशीनसाठी वाट वाकडी करायची असेल तर आपल्या गाडीची कमाल आधी बघावी.

पाटीवर 60 लिहिलेलं मशीन प्रत्यक्षात 60 देईलच असंही नाही. दोन गनचं मशीन असेल आणि शेजारी दुसरी गाडी लागली, तर बऱ्याच ठिकाणी 30-30 अशी वाटणी होते. दुसरं कारण जरा आतलं आहे. किलोवॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. आपल्या गाडीची बॅटरी 330 व्होल्टच्या आसपास आणि मशीन 125 अँपिअरपर्यंतच देत असेल, तर गुणाकार येतो साधारण 41 किलोवॅट. जास्त व्होल्टच्या बॅटरीला तेच मशीन साठापर्यंत देईल. मशीन खोटं बोलत नाही, पण तुमच्या गाडीसाठी ते 41 चं आहे. ॲपला हे प्रत्येक मशीनपुरतं माहीत असतंच असं नाही. म्हणून दुसऱ्यांच्या नोंदी वाचताना आपल्यासारख्याच गाडीला किती किलोवॅट मिळाले ते शोधा.

तिसरी गोष्ट, बॅटरीचं तापमान. ॲपमध्ये किंवा गाडीच्या पडद्यावर ‘बॅटरी गरम करा’ अशा अर्थाची सूचना दिसते आणि आपल्याकडे लोक हसतात. सोलापुरात बॅटरी गरम करायची? मे महिन्यात पारा 43 च्या पुढे जातो, तिथे अजून काय गरम करायचं! पण त्यामागचं कारण खरं आहे. लिथियम बॅटरी गार असताना जोरात चार्ज केली तर लिथियम आत मुरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन साचायला लागतं. त्याने बॅटरी कायमची खराब होते. म्हणून गाडीचा संगणक गारठलेल्या बॅटरीला विजेची धार बारीक करून देतो. स्वीडनच्या हिवाळ्यात उणे वीस अंशांत उभी राहिलेली गाडी थेट चार्जरवर लावली तर अर्धा तास काही घडतच नाही. तिथे चार्जर येण्याआधी वीस-तीस मिनिटं बॅटरी तापवून घेणं गरजेचं, आणि तापवायला लागणारी वीजही ॲपने खपात धरावी लागते.

आपल्याकडे हे कधी लागतं? डिसेंबरमध्ये महाबळेश्वरला रात्री मुक्काम केला, गाडी उघड्यावर गारठली, आणि सकाळी उठून पहिलं काम म्हणून चार्जरवर लावली, तर. त्यावर फुकटचा उपाय असा, की रात्री पोचल्या पोचल्या, बॅटरी चालून कोमट असतानाच चार्ज करून घ्यायची. सोलापूरहून निघून दीडशे किलोमीटर चाललेल्या गाडीची बॅटरी हिवाळ्यातही आपोआप कोमट झालेली असते.

ज्यांच्या गाडीत ही सोय आहे त्यांच्यासाठी एक बारकावा. बहुतेक गाड्यांत बॅटरीची तयारी तेव्हाच सुरू होते, जेव्हा गाडीच्या स्वतःच्या नकाशात चार्जर हे ठिकाण म्हणून टाकलेलं असतं. मोबाइलवरच्या वेगळ्या ॲपमध्ये कितीही सुंदर प्लॅन केला, तरी गाडीला त्याचा पत्ता नसतो. तेव्हा प्लॅन ॲपमध्ये करा, पण पुढचा थांबा गाडीच्या पडद्यावरही टाका. आपल्याकडच्या बऱ्याच मध्यम किमतीच्या गाड्यांत ही सोयच नाही, मग प्रश्न मिटला.

सोलापूरकरांचा खरा प्रश्न उलटा आहे, उष्णतेचा. मे महिन्यात दुपारी बाराला निघालात, तापलेल्या डांबरावरून दोन-अडीच तास गाडी चालवली आणि भिगवणला गन लावली, तर बॅटरी आधीच तापलेली असते आणि जोराच्या चार्जिंगने आणखी तापते. गाडीचा एसी तिला थंड करायला धडपडतो, पण कमी पडला की संगणक धार कमी करतो. हा वेळ ॲपच्या मिनिटांत धरलेला असेलच असं नाही. उन्हाळ्यात पहाटे पाचला निघा. हा सल्ला आपले आजोबाही देत होते, कारण तेवढं वेगळं होतं.

चार्जिंग अपेक्षेपेक्षा हळू होत असेल तर दोष कुणाचा, हे पडद्यावरच्या किलोवॅटकडे दहा मिनिटं बघून बऱ्यापैकी कळतं. आकडा सुरुवातीपासून एका जागी, म्हणजे समजा 41 वर, खिळल्यासारखा असेल तर ती बहुधा मशीनची मर्यादा. सुरुवातीला 20-25 आणि मग हळूहळू चढत गेला तर बॅटरी गार होती. आधी 55 दाखवून पाच-दहा मिनिटांत, अजून पन्नास टक्केही झालेले नसताना, घसरायला लागला तर उष्णता. आणि आकडा एकदम निम्मा झाला तर मान वर करून बघा, शेजारच्या गनला कोणीतरी नुकतीच गाडी लावली असेल. मशीनचा दोष असेल तर दुसऱ्या मशीनवर जाण्यात अर्थ आहे. बॅटरी तापली असेल तर नव्या मशीनवरही तेच होणार, तेव्हा तिथेच सावलीत बसा.

आता ॲपच्या खपाच्या आकड्याबद्दल. ए बेटर रूटप्लॅनर तुम्हाला गाडीचा संदर्भ खप विचारतं, आणि तो ताशी 110 किलोमीटर वेगाचा अपेक्षित असतो. लोक काय करतात? डॅशबोर्डवर दिसणारी सरासरी, म्हणजे गावातली आणि हायवेवरची मिळून, 150 वॅट-अवर, ती तिथे टाकतात. 110 च्या वेगाला आपली गाडी 190 च्या आसपास खात असेल. मग ॲपला वाटतं ही गाडी फारच काटकसरी आहे, आणि प्रत्येक थांब्याला तुम्ही सांगितल्यापेक्षा कमी टक्क्यांवर पोचता. नेहमी एकाच बाजूला चूक होत असेल तर आधी हा आकडा तपासा.

दुसरी चूक वाऱ्याची. जून-जुलैत आपल्या पठारावर पश्चिमेचा वारा असतो आणि पुण्याकडे जाताना तो थेट तोंडावर येतो. गाडीला वेग लागतो तो हवेच्या तुलनेत. ताशी 90 ने चाललात आणि समोरून 20 चा वारा असेल तर हवेला ते 110 च वाटतं. झाडं, डोंगर काही आडवं नाही, सरळ उघडा माळ. परत येताना हाच वारा पाठीवर असतो, म्हणून येताना गाडी अचानक गुणी वाटायला लागते.

याचा ठावठिकाणा लवकर लावायला टेंभुर्णी बरी. सोलापूरपासून साधारण 85 किलोमीटर. तिथे प्लॅनप्रमाणे 72 टक्के असायला हवेत. समजा पडद्यावर 65 दिसतायत. म्हणजे 35 टक्क्यांत 85 किलोमीटर, टक्क्याला तीन नव्हे तर जेमतेम अडीच. एकच थांबा धरला असता तर पुढच्या 150 किलोमीटरला 62 टक्के जाऊन हडपसरला तीन टक्क्यांवर पोचलो असतो. म्हणजे पोचलोच नसतो असं धरा. पण भिगवणचा थांबा आपण ठेवलाय. तिथे 50 ऐवजी 38 वर पोचू, आणि 75 करायला पंधराऐवजी एकवीस मिनिटं लागतील. कपभर चहा जास्त. पुढे असाच वारा राहिला तरी हडपसरला 40 टक्के. आणि जिथे भिगवणसारखा थांबा हाताशी नसेल तिथे वेग ताशी 80 वर आणणं हा तेवढाच परिणामकारक उपाय. फक्त तो टेंभुर्णीला सुचला पाहिजे, यवतला सुचून काय उपयोग.

राहिला परतीचा प्रवास, आणि त्यात घाट. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ आहे. माणसं-सामानासह 1800 किलोची गाडी तेवढी उचलायला तीन युनिट लागतात, म्हणजे नेहमीच्या खपाच्या वर सात टक्के. ॲप हे धरतं, आपला तीन किलोमीटरचा हिशेब धरत नाही, तेव्हा हाताने गणित करताना घाटाचे वीस किलोमीटर वाढवून टाका. जाताना उतारावर यातलं थोडंफार परत मिळतं, ते आपण वर धरलेलंच नाही.

परळला 20 टक्क्यांवर पोचल्यावर काय, हे मुक्कामावर ठरतं. राहण्याच्या जागी नीट अर्थिंग असलेला 15 अँपिअरचा प्लग आणि त्याच्याजवळ गाडी लावायची परवानगी मिळाली, तर रात्रीच्या दहा तासांत 60 टक्क्यांच्या आसपास भरतं. सकाळी 80. तेवढ्यात घाट चढून हडपसरला साधारण 18 टक्क्यांवर येता. असा प्लग नसेल तर पोचतानाची शिल्लक 20 ऐवजी 30 लिहा. ते जादा दहा टक्के हडपसरलाच भरायला दहा-अकरा मिनिटं लागतील, कारण ते ऐंशीच्या पलीकडे जातात. त्यापेक्षा भिगवणला आणि हडपसरला 75 वरच थांबून, पनवेलजवळ पाच मिनिटांचा तिसरा थांबा घ्या. तिथे बॅटरी खाली आलेली असते, पाच मिनिटांत दहा टक्के सहज चढतात. खोली ठरवताना फोनवर भाडं विचाराल, त्याच फोनवर प्लगचंही विचारून घ्या.